तारीख नसलेलं जुनं हस्तलिखित नेमकं कधीचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातली जुनी पत्रं, वह्या, टिपणं टाईप करून ठेवणाऱ्या लोकांकडून मला सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळं मराठी देवनागरी लिखाणाबद्दल आहे आणि मुख्यतः १८५० ते १९७५ या काळातल्या, कारण बहुतेकांच्या ट्रंकेत तेच सापडतं. मोडीचा विषय शेवटी थोडक्यात घेतलाय.

१. पत्रावर तारीखच नाही, मग सुरुवात कुठून करायची?

वर्ष शोधायला बसू नका, आधी दोन टोकं शोधा. एक टोक म्हणजे "याच्या आधीचं असूच शकत नाही" आणि दुसरं म्हणजे "याच्या नंतरचं बहुधा नाही". पहिलं टोक पक्कं मिळतं, कारण जी गोष्ट अजून जन्मालाच आली नाही तिचा उल्लेख कोणी करू शकत नाही. दुसरं टोक नेहमी मऊ असतं, माणसं जुनी सवय, जुनी शाई, जुना शब्द वर्षानुवर्षं सोडत नाहीत. म्हणून पानावरची सगळ्यात नवी गोष्ट शोधायची, सगळ्यात जुनी नाही. दहा गोष्टी १९२० सारख्या दिसल्या आणि एक गोष्ट १९५७ ची निघाली तर कागद १९५७ किंवा त्यानंतरचा, बाकीच्या दहा गोष्टींनी काही फरक पडत नाही. हा एक नियम धरला तरी निम्म्या चुका टळतात असा माझा अनुभव आहे.

२. टाईप करताना जुनं शुद्धलेखन सुधारून लिहिलं तर चालेल ना? वाचायला सोपं जातं.

पहिल्या प्रतीत अजिबात नको. "नांव" दिसलं तर "नांव", "करतांना" दिसलं तर "करतांना", खोडलेला शब्द दिसला तर खोडलेला म्हणून तोही. वाचायला सोपी अशी दुसरी प्रत नंतर खुशाल करा. कारण तारखेचा पुरावा याच बारीक टिंबांत असतो आणि आपला हात सवयीने ती टिंबं गाळतो, आपल्याला कळतही नाही. मी स्वतः पहिली वही उतरवली तेव्हा चाळीस पानं झाल्यावर लक्षात आलं की मूळात "नाहीं" होतं आणि मी सगळीकडे "नाही" केलंय, सगळं परत तपासावं लागलं. फोनचा कीबोर्ड आपोआप शब्द बदलतो, ती सोय उतरवण्यापुरती बंद करून टाका.

बाजूला एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर पान नंबरसकट फक्त चार गोष्टी लिहीत जा: विचित्र स्पेलिंग, पैसे आणि मापं, गावा-जिल्ह्यांची नावं, आणि वार-तिथी. बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल.

३. "नांव", "घरांत", "केलें", "नाहीं" असं लिहिलंय म्हणजे १९६२ च्या आधीचं, बरोबर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि उत्तर आहे: नाही, एवढ्यावरून म्हणता येत नाही.

झालं असं की मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम सरकारने १९६२ मधे मान्य केले (तेव्हा १४ होते, १९७२ मधे ४ वाढले) आणि ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नाही ते लिहायचे नाहीत असं ठरलं. त्यामुळे शाळेची पुस्तकं बदलली. पण ज्यांची शाळा आधीच संपली होती त्यांचे हात कुठे बदलणार? १९१० साली जन्मलेला माणूस १९८० मधे सुद्धा "नांव" च लिहितो. म्हणजे हे टिंब लिखाणाचं वर्ष सांगत नाही, लिहिणाऱ्याची शाळा कधी झाली ते सांगतं. लिहिणारा कोण, त्याचा अंदाजे जन्म कधीचा हे माहीत असेल तरच ते उपयोगी.

उलट बाजूनेही तेच. टिंब नाही म्हणून १९६२ नंतरचं असंही नाही. टिंबं नकोत असं म्हणणारे आणि तसं लिहिणारे लोक आधीही होते, आणि घाईत लिहिणारी माणसं टिंबं कायमच गाळत आली आहेत.

मोजताना एक काळजी घ्या, यात चांगले चांगले फसतात. "घरांत" म्हणजे अनेक घरांमधे असा अर्थ असेल तर ते टिंब आजच्या नियमातही बरोबरच आहे. "त्यांना", "लोकांनी" सुद्धा तसंच. आणि "केलं", "असं" वरचं टिंब तर आपण आजही लिहितो. म्हणून मोजायचं फक्त एकाच घराबद्दलचं "घरांत", मात्रा आणि टिंब दोन्ही असलेलं "केलें", "असें", आणि "मीं", "तूं", "नाहीं", "येथें", "करतांना" वगैरे. अशी पन्नासेक ठिकाणं मोजा. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस ठिकाणी टिंब असेल तर जुन्या वळणाची शाळा झालेला हात. अर्धंअर्धं असेल तर मला जास्त उत्सुकता वाटते, कारण जुनं शिकलेला पण रोज नवं छापलेलं वाचणारा माणूस असा मिसळून लिहितो, अशा वेळी मी साठ-सत्तरचं दशक आधी तपासते. तो नुसता कल आहे, पुरावा म्हणून मांडू नका.

४. "कवि", "बुद्धि", "अर्थात्" यांचं काय?

तोच न्याय. जुन्या पद्धतीत संस्कृतातून आलेल्या शब्दांचा शेवट ऱ्हस्व ठेवायचे (कवि, बुद्धि, गुरु) आणि "अर्थात्", "क्वचित्" ला पाय मोडायचे, नव्या नियमांत शेवट दीर्घ झाला आणि मोडलेला पाय गेला. पण हे टिंबांपेक्षा कमी भरवशाचं, कारण ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यांचंच चुकतं आणि घाईत लिहिलेली वेलांटी कुठली आहे तेच कळत नाही. प्रश्न ३ मधला निष्कर्ष पक्का करायला वापरा, एकट्याने नको.

५. "अि, अी, अु, अे" असं लिहिलंय, लिहिणाऱ्याला नीट लिहिता येत नव्हतं का?

येत होतं, आणि हा फार छान धागा आहे. "इकडे" ऐवजी "अिकडे", "एक" ऐवजी "अेक" ही सावरकरांच्या लिपिसुधारणेतली पद्धत, अ ला च सगळ्या मात्रा-वेलांट्या लावायच्या म्हणजे टाईपांची संख्या कमी होते असा त्यामागचा विचार. साधारण १९३० च्या दशकात ती पसरली. अशी अक्षरं नियमित दिसली तर त्याच्या फार आधी जाऊ नका. वरचं टोक मात्र इथेही मऊ, ज्यांनी ती मनापासून स्वीकारली त्यातल्या काहींनी आयुष्यभर तसंच लिहिलं.

६. शब्दांमधले सगळ्यात भरवशाचे पुरावे कुठले?

ज्यांच्यामागे सरकारी तारीख आहे ते. पैसा पहिला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले, त्याआधी १६ आणे, आणि आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. नवं नाणं वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला "नवा पैसा" म्हणत आणि १ जून १९६४ ला "नवा" शब्द अधिकृतपणे काढला. त्यामुळे "न. पै." दिसलं की मला खरंच आनंद होतो: खालचं टोक १९५७, एकदम पक्कं, आणि वरचं साधारण १९६४, पण मऊ, कारण तोंडातला शब्द सरकारी आदेशाने लगेच जात नाही. "आणे" याच्या उलट, नुसत्या आण्यांवरून काहीच ठरत नाही, बोलण्यात "चार आणे", "आठ आणे" पुढे कितीतरी वर्षं राहिले. पण हिशोबाच्या तीन रकान्यांत रु.–आ.–पै. अशी बेरीज केली असेल तर तो हिशोब १९५७ च्या आधीचा किंवा फार तर त्याच्या लगेच नंतरचा धरायला हरकत नाही, शंभराच्या नाण्यांत सोळाची बेरीज कोणी फार दिवस करत बसत नाही.

त्यानंतर पत्ता. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. "मुंबई राज्य" असेल तर १९५० ते ३० एप्रिल १९६०, "मुंबई इलाखा" त्याहून आधीचा, "महाराष्ट्र राज्य" १ मे १९६० पासून. "जि. कुलाबा" असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचं कारण त्या वर्षी तो जिल्हा रायगड झाला, आणि "जि. सिंधुदुर्ग" १९८१ च्या आधी असूच शकत नाही. परत तेच बघा, नवं नाव पक्कं टोक देतं, जुनं नाव मऊ. आणि आंतर्देशीय पत्राचा निळा घडीचा कागद असेल तर तो प्रकारच २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाला.

७. कागद पिवळा पडलाय, कडा मोडतायत, म्हणजे शंभर वर्षं तरी झाली असतील?

नाही हो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वीस-तीस वर्षांत तपकिरी होतो, त्यातलं लिग्निन हवा-उजेडाने काळवंडतं आणि तुरटीतून आलेलं आम्ल धागे तोडतं. उलट चिंध्यांपासून हाताने बनवलेला, दगडाने घोटलेला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आजही मऊ आणि सशक्त असतो. म्हणजे कागद कुरकुरीत तपकिरी असेल तर तो उलट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटानंतरचा असण्याची शक्यता जास्त.

दोन गोष्टी मात्र घरी बघता येतात. पान खिडकीसमोर धरा. इंग्लंडहून आलेल्या जाड कागदात वॉटरमार्क असतो, कधीकधी त्यात वर्षही असतं, कारण १७९४ च्या तिथल्या कायद्यानुसार निर्यातीच्या कागदावरचा कर परत मिळवायचा तर जाळीत वर्ष घालावं लागायचं, आणि ती पद्धत पुढेही चालू राहिली. ते वर्ष कागद बनल्याचं, लिहिल्याचं नाही, कागद जहाजाने येऊन कपाटात पडून वापरला जाईपर्यंत काही वर्षं सहज जातात. दुसरं म्हणजे अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. कागद झगझगीत निळसर-पांढरा चमकला तर त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन आहे, ते साधारण १९५० पासून कागदात आलं. चमकला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, स्वस्त कागदात ते नंतरही घालत नसत. टॉर्च डोळ्यात जाऊ देऊ नका आणि दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

८. शाई तपकिरी झालीये. ही बोरूची जुनी शाई का?

बहुधा नाही. बोरूने लिहायची पारंपरिक शाई काजळीची, काजळी म्हणजे कार्बन, तो उडत नाही, दोनशे वर्षांनीही काळाच राहतो. तपकिरी होते ती लोखंडाची शाई, आणि फाउंटन पेनातली ब्लू-ब्लॅक याच घराण्यातली: लिहिताना निळी, मग काळपट, आणि पुढे निळा रंग उडाला की गंजासारखी तपकिरी. म्हणजे तपकिरी शाईचं पत्र १८९० चं असू शकतं तसं १९६० चंही असू शकतं. लोखंडाची शाई जिथे दाट पडली तिथे पानाच्या मागे डाग उमटतो, कधी कागद जळाल्यासारखा तुटतो. आणि कृपा करून पाण्याचं बोट लावून शाई तपासू नका, काजळीची शाई तेवढ्यानेही पसरते.

बॉलपेन ओळखता आलं तर फार काम होतं. दहापट भिंगातून बघा, वळणावर शाईचे छोटे गोळे साचलेले दिसतात, रेघेच्या मधे बारीक कोरी फट असते, आणि पान उलटं करून बोट फिरवलं तर अक्षरं उठलेली लागतात. बॉलपेनची मोठी विक्री अमेरिकेत १९४५ च्या शेवटी सुरू झाली, तेव्हा त्याच्या आधी जायचा प्रश्नच नाही. फक्त बॉलपेन मूळ मजकुरात आहे का ते बघा. पान नंबर, अधोरेखा, समासातली "आजोबांचे पत्र" अशी नोंद हे सगळं नंतर कोणीतरी केलेलं असतं.

९. वार, तारीख, तिथी आहे पण वर्षच नाही. काढता येईल का?

येईल, आणि या प्रकारात मला सगळ्यात जास्त मजा येते. एक पत्र पूर्ण सोडवून दाखवते.

भावाने बहिणीला लिहिलेलं चार पानी पत्र, वहीचा रेघांचा कागद, तपकिरी झालेला, शाई पण तपकिरी. पाकीट नाही. वर लिहिलंय "मंगळवार ता. ९ जुलै, आषाढ शु." आणि पुढचा तिथीचा आकडा पाण्याच्या डागात गेलेला. "नांव", "नाहीं", "येथें" जवळजवळ सगळीकडे. घरच्यांची खात्री होती की पत्र १९३५ चं, कारण त्या वर्षी बहीण सासरी गेली.

मी आधी १९३५ च तपासलं. ९ जुलै १९३५ ला मंगळवार होता. त्या वर्षी १६ जुलैला खग्रास चंद्रग्रहण झालं, म्हणजे पौर्णिमा १६ ची, म्हणजे ९ तारखेला आषाढ शुद्धच चालू. सगळं जुळलं! इथे थांबले असते तर चुकलेच असते, कारण ९ जुलै मंगळवार १९४० आणि १९४६ मधेही येतो आणि दोन्ही वेळा आषाढ शुद्धच होता. वार-तारीख ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत जुळतेच, तेव्हा एक वर्ष जुळलं याला फारसा अर्थ नाही.

मग तिसऱ्या पानावर उतरवताना ही ओळ आली: "हिशोब करतांना आण्याचे न. पै. करण्यांत अजून चूक होते." झालं, १९३५, ४०, ४६ तिन्ही एका ओळीत बाद. १९५७ पासून १९७० पर्यंत ९ जुलै मंगळवार येतो १९५७, १९६३ आणि १९६८ मधे. १९६३ मधे ६ जुलैला चंद्रग्रहण होतं, म्हणजे पौर्णिमा होऊन गेलेली आणि ९ ला वद्य पक्ष, पत्रात तर स्वच्छ "शु." आहे, तेव्हा १९६३ गेलं. १९५७ ची पौर्णिमा ११-१२ जुलैच्या रात्री, १९६८ ची १० च्या सुमारास, दोन्हीकडे शुद्ध पक्ष. शेवटी सहीखालच्या पत्त्याने सोडवलं, तिथे "मुंबई राज्य" होतं (प्रश्न ६), त्यामुळे १९६८ फारच अवघड. शिवाय "अजून चूक होते" हे वाक्य नवी नाणी येऊन तीन महिने झालेला माणूस लिहील, अकरा वर्षं झालेला नाही. ९ जुलै १९५७. बहीण तोपर्यंत बावीस वर्षं सासरी होती आणि भाऊ तिला तितक्याच मायेने लिहीत होता, घरच्यांना ते कळल्यावर त्यांना आधीच्या तारखेपेक्षा हेच जास्त आवडलं.

तुम्हाला हे करायचं तर कुठलंही जुन्या वर्षांचं पंचांग किंवा चंद्राच्या कला दाखवणारी साईट पुरते. पौर्णिमा-अमावास्या बघून आधी पक्ष जुळवा, नेमकी तिथी नंतर, कारण तिथी गावागणिक, पंचांगागणिक एखादा दिवस इकडेतिकडे होते.

१०. नुसतं संवत्सराचं नाव आहे, "बहुधान्य नाम संवत्सरे", शके वाचता येत नाही.

शके अधिक १२, त्याला ६० ने भागा, बाकी जी उरेल तो प्रभवपासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा). शके १८०० घ्या: १८१२ भागिले ६०, बाकी १२, बारावा संवत्सर बहुधान्य. म्हणजे तुमचा कागद १८७८-७९ चा, नाहीतर साठ वर्षं पुढचा १९३८-३९ चा किंवा साठ मागचा. साठ वर्षांचं अंतर कागद आणि शाईवरून (प्रश्न ७, ८) सहसा सुटतं. शकेचं इसवी करताना ७८ मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधला मजकूर असेल तर ७९, हे एक वर्ष फार जणांचं चुकतं.

११. भाषा एकदम जुनी पण कागद यूव्हीखाली चमकतो. खोटं आहे का?

खोटं असेलच असं नाही, बहुतेक वेळा ती नक्कल असते. कोणीतरी जीर्ण वहीवरून नव्या वहीत उतरवलेलं. ओळखायची खूण म्हणजे चुका. स्वतः विचार करत लिहिणारा वाक्य मधेच बदलतो, शब्द खोडून दुसरा शब्द घालतो. नक्कल करणाऱ्याची नजर घसरते: एकच शब्द दोन ओळींत आला की मधला मजकूर गळतो आणि तो समासात घुसवलेला दिसतो, किंवा ओळ दोनदा लिहिली जाते, न लागलेल्या शब्दाची जागा कोरी सोडलेली असते. अशा वेळी दोन तारखा द्या, मजकुराची वेगळी आणि प्रतीची वेगळी. प्रश्न १ मधला "सगळ्यात नवी गोष्ट" हा नियम इथे प्रतीला लागतो, मजकुराला नाही.

१२. एकाच वहीत अर्धी पानं जुन्या वळणाची आणि अर्धी नव्या. काय करू?

हात वेगळे आहेत का ते आधी बघा, "ण", "झ", "ल", "श" आणि आकड्यांतला ९ यांची वळणं शेजारी ठेवून. हात दोन असतील तर तारखा दोन. हात एकच असेल तर वही अनेक वर्षं चालू असणार, मग प्रत्येक शाई बदलली तिथे नवा भाग धरून वेगळा अंदाज द्या.

१३. मोडीत असेल तर?

प्रश्न ३ ते ५ मधलं काही चालत नाही, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं फारसं करतच नाहीत. कागद, शाई, पैसा, वार-तिथी सगळं चालतं. फक्त मोडी दिसली की पेशवाई असं समजू नका, काही घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिशोब मोडीतच लिहीत.

१४. शेवटी नोंदीत तारीख कशी लिहू?

कंसात, कारणासकट. उदाहरणार्थ: "[९ जुलै १९५७, वर्ष अनुमानाने. न. पै. चा उल्लेख पान ३, 'मुंबई राज्य' पान ४, मंगळवार व आषाढ शु. जुळतात]". वर्ष निघालंच नाही तर "[१९५७ नंतर, बहुधा १९६४ पर्यंत]" असं लिहा. नुसतं "अंदाजे १९६०" लिहू नका, पुढच्या वाचणाऱ्याला तो अंदाज दोन वर्षांचा की वीस वर्षांचा हे समजत नाही, आणि उद्या पाकीट सापडलं तर तुमचं काय चुकलं तेही त्याला शोधता येत नाही. आणि ही नोंद मूळ कागदावर लिहू नका, पेन्सिलने सुद्धा नको, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.